चॅनेल ब्रेकआउट: स्टॉप दोन, पण लागू कोणता?

मागच्या नोंदीत ठरवलं होतं तसं क्रूड मिनीवर चॅनेल ब्रेकआउटचा नियम कोडमध्ये उतरवून झाला. नियम जुनाच आहे. रिचर्ड डोंचियन यांचा चार आठवड्यांचा नियम, आणि 1983 मध्ये रिचर्ड डेनिस व विल्यम एकहार्ट यांनी आपल्या शिष्यांना, म्हणजे टर्टल मंडळींना, शिकवलेलं त्याचं रूप. मागच्या 20 सत्रांतला सर्वोच्च भाव ओलांडला की लाँग, सर्वात खालचा भाव तोडला की शॉर्ट. बाहेर पडायला उलट दिशेचं 10 सत्रांचं चॅनेल, आणि त्याच्या जोडीला प्रवेशभावापासून 2 एन अंतरावरचा स्टॉप. एन म्हणजे ट्रू रेंजची 20 सत्रांची सरासरी, कालच्या एनची 19 पट अधिक आजची ट्रू रेंज, भागिले 20 अशी काढलेली.

लाँगच्या प्रवेशाचं आणि बाहेर पडण्याचं चॅनेल दोन ओळींत संपतं:

```python
hh = df["high"].rolling(20).max().shift(1)
ll = df["low"].rolling(10).min().shift(1)
```

इथे `shift(1)` नसेल तर आजची कॅन्डलही खिडकीत धरली जाते आणि `high > hh` कधीच खरं ठरत नाही, कारण आजचा हाय स्वतःलाच ओलांडू शकत नाही. बॅकटेस्टमध्ये एकही सौदा दिसत नाही, म्हणजे चूक लगेच पकडली जाते. धोका `>=` लिहिण्यात आहे. मग सौदे भरपूर दिसतात, आणि प्रत्येक प्रवेश नेमका त्या दिवसाच्या हायला पडलेला असतो. प्रवेशभाव आणि दिवसाचा हाय यांचे दोन कॉलम शेजारी ठेवून बघा. सगळीकडे सारखेच आकडे असतील तर तो निकाल फेकून द्या.

वेळ गेला तो स्टॉपवर. एक उदाहरण हातानं सोडवून मग कोडशी ताडून पाहिलं. किमती चाचणीसाठी मीच घातल्या आहेत, बाजारातल्या नाहीत.

20 सत्रांचा हाय 5,840, म्हणून खरेदीची स्टॉप ऑर्डर 5,841 ला. कालपर्यंतचा एन 110. खातं 5 लाखांचं धरलं, तर त्याचा एक टक्का 5,000. मिनीचा लॉट 10 बॅरलचा, म्हणून एका लॉटमागे एक एन म्हणजे 1,100 रुपये. भागाकार साडेचार येतो, घ्यायचे चार लॉट. सौदा 5,841 ला झाला आणि 2 एनचा स्टॉप बसला 5,621 वर. त्या वेळी 10 सत्रांचा लो होता 5,548. दोन्हींपैकी भावाला जो जवळ तो लागू, म्हणजे 5,621. तो लागला असता तर तोटा 8,800 रुपये, खात्याच्या दोन टक्क्यांच्या आत.

पुढे भाव हळूहळू वर सरकत राहिला. एका दिवशी 5,548 ची कॅन्डल खिडकीतून बाहेर पडली आणि 10 सत्रांचा लो 5,612 झाला. तरी लागू 5,621 च. आणखी दोन सत्रांनी 5,612 वालीही गळली, लो 5,655 वर आला, आणि तिथून स्टॉपचा ताबा चॅनेलकडे गेला. गंमत म्हणजे त्या दिवशी भाव जेमतेम हलला होता. स्टॉप वर सरकला तो जुनी कॅन्डल गळली म्हणून. एटीआरवर चालणाऱ्या ट्रेलिंग स्टॉपची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटेल. तिथे भावानं नवा उच्चांक केला की स्टॉप चढतो. इथे कॅलेंडर पुढे सरकलं तरी चढतो. आडव्या बाजारात म्हणूनच हा नियम गप्प बसत नाही, दोन आठवड्यांत स्टॉप भावाच्या मागे येऊन टेकतो.

शेवट असा: वरचं टोक 6,214, 10 सत्रांचा लो 5,968, आणि दुसऱ्या दिवशी बाजार थेट 5,940 ला उघडला. बाहेर पडण्याचा भाव 5,940 धरायचा, 5,968 नाही. बॅरलमागे 99 रुपये, 40 बॅरलवर 3,960, त्यातून ब्रोकरेज आणि कर वजा. टोकापासून 274 रुपये परत गेले. या पद्धतीत ते जातातच. ज्यांना ते सोसवत नाही त्यांनी खिडकी लहान करण्यापेक्षा दुसरी पद्धत बघावी, असं माझं मत.

```python
stop = max(entry - 2 * n_entry, ll)
if low <= stop:
    exit_px = min(open_, stop)
```

`n_entry` प्रवेशाच्या वेळी गोठवलेला आहे, रोज नव्यानं काढायचा नाही. तो चालता ठेवला तर चढउतार वाढल्यावर स्टॉप आपोआप खाली घसरतो, आणि मग चार लॉट कोणत्या हिशेबानं घेतले याला काही अर्थ उरत नाही.

स्टॉप खाली येऊ नये म्हणून कालच्या स्टॉपशी तुलना करणारी वेगळी ओळ मी लिहिलेली नाही, कारण गरज पडायला नको. सौदा चालू आहे याचा अर्थच असा की कुठल्याही कॅन्डलनं आधीचा 10 सत्रांचा लो तोडलेला नाही. तोडला असता तर आपण बाहेर असतो. म्हणून तो लो एक तर तिथेच राहील किंवा वर जाईल. ओळीऐवजी एक `assert` टाकला: स्टॉप कालपेक्षा खाली गेला तर प्रोग्रॅम थांबवा. या `assert` नं दोन जागा दाखवल्या.

पहिली जागा रोलओव्हरची. जुना आणि नवा कॉन्ट्रॅक्ट नुसते एकापुढे एक चिकटवले की दोघांच्या भावातला फरक चॅनेलमध्ये घुसतो आणि ब्रेकआउट नसताना ब्रेकआउट दिसतो. चॅनेल आणि एन समायोजित मालिकेवर काढायचे, हे त्यावरचं उत्तर.

दुसरी जास्त खोल आहे: प्रवेशाचाच दिवस. सकाळी भाव 10 सत्रांच्या लोखाली गेला आणि संध्याकाळी, अमेरिकेचा बाजार उघडल्यावर, 20 सत्रांचा हाय तोडला. दिवसाच्या कॅन्डलमध्ये हाय आणि लो दोन्ही दिसतात, आधी कोणता झाला ते दिसत नाही. ओपनच ब्रेकआउटच्या वर असेल तर प्रश्न मिटतो: प्रवेश आधी, लो नंतर, म्हणजे स्टॉप नक्की लागला. ओपन खाली असेल तर दोन्ही शक्यता उरतात. तूर्त मी स्टॉप लागला असंच धरतो. निकाल थोडा वाईट दिसतो, पण फसवत नाही.

`min(open_, stop)` लाही मर्यादा आहे. 20 एप्रिल 2020 ला लॉकडाउनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद झालं, आणि रात्री न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूटीआय उणे 37.63 डॉलरवर गेलं. आपल्याकडच्या एप्रिल कॉन्ट्रॅक्टची ती एक्सपायरी होती, सेटलमेंट झाली उणे 2,884 रुपयांना. दुसऱ्या दिवशी ओपन नावाची गोष्टच नव्हती. ब्रेकआउटवाला तेव्हा लाँग असण्याची शक्यता जवळपास शून्य, कारण क्रूड जानेवारीपासूनच पडत होतं. पण कोडला एक्सपायरीच्या दिवशी ओपनऐवजी सेटलमेंट भाव वाचायला शिकवलं आहे. भाव शून्याखाली गेल्यावर टक्केवारीत केलेले हिशेबही कोसळतात, म्हणून सगळं रुपयांतच ठेवलंय.

आता संशयास्पद प्रवेशदिवस वेगळे काढून त्यांच्यापुरता तासाचा डेटा जोडतोय. शॉर्टची बाजू त्यानंतर.