हैदराबादहून परतीचं विमान रद्द, पोराची शाळा बुडाली: मॅडमना चिठ्ठी काय लिहिली आणि कशी

आम्ही पाचोऱ्याचे. जानेवारीत माझ्या मावसबहिणीचं लग्न हैदराबादला होतं आणि जळगावहून हैदराबादला विमान आहे म्हटल्यावर आमच्या ह्यांनी ठरवलं की पोराला एकदा विमानात बसवूच. शुक्रवार-शनिवारची सुट्टी जायच्या आधीच अर्ज देऊन घेतली होती, रविवारी दुपारी परत, सोमवारी शाळा, असा अगदी घड्याळ लावून प्लॅन. गाडी जळगाव एअरपोर्टला लावली, तासा-सव्वातासात हैदराबाद, लग्न झकास झालं, शनिवारी पोराला गोवळकोंडा दाखवला. तिथे खाली फतेह दरवाज्यात टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, तर पोरगं वर आणि ह्यांना खाली उभं करून अर्धा तास टाळ्याच वाजवून घेतल्या. चारमिनार रात्री बघा, दुपारी गर्दीत पोरं रडकुंडीला येतात. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं, आमचा शुक्रवार लग्नात गेला म्हणून वाचलो.

तर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या दिराचा पाचोऱ्याहून फोन, "वहिनी, तुमचं विमान रद्द झाल्याचा मेसेज आलाय." मेसेज त्याला का आला? कारण तिकीट त्याने काढलं होतं आणि मोबाइल नंबर त्याचाच टाकला होता. तो रविवारचा उशिरा उठला असता तर आम्ही सामान घेऊन शमशाबादच्या एअरपोर्टपर्यंत जाऊन आलो असतो. तिकीट कोणीही काढून देऊ दे, नंबर प्रवास करणाऱ्याचाच टाकायला सांगा.

कारण एवढंच लिहिलं होतं, ऑपरेशनल. आता ही जळगावची विमानं रोज नसतात, आठवड्यात ठरावीक दिवशीच, त्यामुळे मुंबई-पुण्यासारखं "संध्याकाळच्या फ्लाइटला टाकतो" असं होत नाही. आम्हाला पुढची सीट दिली ती थेट बुधवारची. आम्ही ती नाही घेतली, रिफंड मागितला. रविवार रात्रीच्या अजिंठा एक्सप्रेसला वेटिंग भलतंच होतं, मग सोमवारचं तत्काळ. एसीचं सकाळी 10 ला उघडतं आणि स्लीपरचं 11 ला, गाडी सुटायच्या आदल्या दिवशी, म्हणजे नऊला मेसेज आला ते एका अर्थी बरंच झालं. एसीचं हातातून गेलं, स्लीपर मिळालं. तत्काळ काढायला आयआरसीटीसीचं खातं आधारला जोडलेलं लागतं, दिराचं होतं, माझं नव्हतं. ही गाडी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनहून संध्याकाळी निघते नि सकाळी मनमाडला सोडते, मनमाडहून भुसावळकडची, पाचोऱ्याला थांबणारी गाडी पकडली की चाळीसगाव, मग पाचोरा. मंगळवारी दुपारी घरी. सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणे, "इमान नई ना, ते आगगाडीमा बसा नी या, पोऱ्यानी शाळा बुडाडू नका." शाळा बुडलीच होती पण.

सोमवारी पोराची गणिताची चाचणी होती, हे मला रविवारी संध्याकाळी त्यानेच अगदी शांतपणे सांगितलं. म्हणजे याला गुरुवारपासून माहीत होतं.

आता खरा विषय. मावशीकडे सगळ्यांची मतं सुरू झाली. एक म्हणे ताप आला लिही. दुसरी म्हणे ओळखीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. मी म्हटलं, अहो हा पोरगा बुधवारी वर्गात पाय ठेवल्याबरोबर गोवळकोंड्याची टाळी वाजवून दाखवणार आहे, ताप कसला आणि काय! शिवाय विमान रद्द हे कारण खरं आहे आणि त्याचा कागद निघतो, तापाचा खोटा कागद कशाला करायचा.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना व्हॉट्सअपवर एकच ओळ पाठवली: "मॅडम, परतीचं विमान रद्द झालंय, अथर्व सोमवार-मंगळवार येऊ शकणार नाही, बुधवारी अर्ज घेऊन येईल." वर्गाच्या ग्रुपवर नाही, वैयक्तिक. ग्रुपवर टाकलं की पन्नास पालकांचे अंगठे आणि "कुठे गेला होता?" सुरू होतं, त्यात मॅडमचं उत्तर वाहून जातं. पण व्हॉट्सअप म्हणजे अर्ज नव्हे बरं का. हजेरीपत्रकात मॅडम गैरहजर मांडतात, पुढे कोणी विचारलं तर त्यांच्या फाइलला कागद लागतो. म्हणून कागद द्यायचाच.

तो कागद मी रात्री ट्रेनमध्ये मोबाइलवर लिहायला घेतला आणि दीड पान झालं. लग्न कोणाचं, विमान कंपनी कशी बेजबाबदार, कस्टमर केअरने किती वेळ गाणं ऐकवलं, वेटिंग किती, आम्ही किती प्रयत्न केले. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे मॅडमना लिहिलंय का ग्राहक मंचाला?" खरंच होतं. मॅडम हा कागद दोन तासिकांच्या मधे, उभ्या उभ्या वाचणार. त्यांना तीनच गोष्टी पाहिजेत: कोणता मुलगा, कोणत्या तारखा, का. आणि चौथी, जी बहुतेक जण लिहीतच नाहीत, बुडालेल्या चाचणीचं काय. मग खोडत खोडत शेवटी हे राहिलं, घरी आल्यावर हाताने उतरवून काढलं:

दिनांक 21 जानेवारी
मा. वर्गशिक्षिका, इयत्ता 6 वी ब
विषय: 19 व 20 जानेवारीच्या गैरहजेरीबाबत

मॅडम, सादर नमस्कार.
माझा मुलगा अथर्व (हजेरी क्र. 27) सोमवार ता. 19 आणि मंगळवार ता. 20 जानेवारी रोजी शाळेत येऊ शकला नाही. आम्ही रविवारी ता. 18 ला दुपारच्या विमानाने हैदराबादहून परतणार होतो. ते विमान कंपनीने त्याच दिवशी सकाळी रद्द केले. पुढचे विमान बुधवारी असल्याने आम्ही सोमवारी रात्रीच्या रेल्वेने निघून मंगळवारी दुपारी घरी पोचलो. विमान रद्द झाल्याचा मेसेज, विमानाचे तिकीट आणि रेल्वेचे तिकीट सोबत जोडले आहे.
सोमवारची गणिताची चाचणी त्याची राहिली आहे. आपल्या सोयीने केव्हा घेता येईल ते कळवावे, ही विनंती. राहिलेला अभ्यास तो रविवारपर्यंत पूर्ण करेल.
आपली, अथर्वची आई (सही)

बस. यात शुक्रवार-शनिवारचा उल्लेख मुद्दाम नाही. त्या सुट्टीचा अर्ज आधीच दिला होता, मंजूर होता. दोन्ही एकत्र केलं की वाचणाऱ्याला वाटतं चार दिवस फिरायला गेले आणि आता कारण सांगतायत. आधी मागितलेली सुट्टी वेगळी आणि अडकून पडलो ते दिवस वेगळे. आणि तुम्ही शुक्रवारचा अर्ज दिलाच नसेल तर तो या चिठ्ठीच्या पोटात लपवू नका, वेगळ्या ओळीत सरळ कबूल करा, मॅडमकडे तारखा असतातच.

"पुढचे विमान बुधवारी" हे वाक्य ह्यांना नको वाटत होतं, मी ठेवलं. ते नसलं तर पहिला प्रश्न हाच येतो की रविवारचं रद्द झालं मग सोमवारी का नाही आले.

आता जोडायच्या कागदांबद्दल. मेसेजमध्ये फक्त फ्लाइट नंबर आणि तारीख होती, पोराचं नाव कुठेच नाही. नुसता तो स्क्रीनशॉट कोणाचाही असू शकतो. म्हणून ई-तिकिटाचं ते पान जोडलं ज्यावर तोच फ्लाइट नंबर, तीच तारीख आणि अथर्वचं नाव आहे, दोन्ही एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतं. पण झेरॉक्स काढायच्या आधी पीएनआर काळ्या पेनने झाका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कंपनीच्या साइटवर अख्खं बुकिंग उघडतं, मोबाइल नंबर, ईमेल सगळं दिसू शकतं, आणि आमचा तर रिफंडही तेव्हा अडकलेला होता. बोर्डिंग पास जोडत असाल तर त्यावरचा बारकोडही झाका, त्यातही तेच असतं. मी पेनाने झाकलं तर उजेडात धरल्यावर आकडे दिसत होते, मग झाकलेल्या कागदाची परत झेरॉक्स काढली आणि ती जोडली.

कंपनीकडून विमान रद्द झाल्याचं पत्रही मिळतं, मागावं लागतं. आम्ही रविवारीच ईमेल केला की फ्लाइट नंबर, तारीख, तिन्ही प्रवाशांची नावं आणि रद्द होण्याचं कारण असं सगळं लेखी द्या. ते आलं गुरुवारी, म्हणजे चिठ्ठी देऊन झाल्यावर. तरी उपयोगी आलं, कारण भरपाईचं गणित त्या कारणावर असतं. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएच्या नियमात, वेळेत कळवलं नाही आणि कारण कंपनीच्याच हातातलं असेल तर एक ते दोन तासांच्या फ्लाइटला 7500 रुपये किंवा तिकिटाचं एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. हवामान किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलमुळे असेल तर भरपाई नाही. रिफंड किंवा दुसरं विमान मात्र द्यावंच लागतं. आमच्या पत्रात परत "ऑपरेशनल" एवढंच, त्यामुळे ह्यांनी एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकलीय, बघू. हे सगळं मॅडमना सांगायचं कारण नाही म्हणून चिठ्ठीत कंपनीबद्दल एक वाकडा शब्द नाही.

बुधवारी पोराच्या हातात चिठ्ठी दिली. दप्तराच्या तळाशी गेली तर पुढच्या आठवड्यात निघेल म्हणून कंपासपेटीत घडी करून ठेवली, आणि चिठ्ठीचा फोटो मॅडमना पाठवून ठेवला. संध्याकाळी उत्तर आलं, "ठीक आहे. शुक्रवारी शेवटच्या तासिकेला चाचणी घेईन." पोराचं तोंड बघण्यासारखं झालं, त्याला वाटलं होतं विमानाबरोबर चाचणीपण रद्द झाली. पंचवीसपैकी एकोणीस पडले.

गाडी मात्र जळगाव एअरपोर्टलाच उभी होती. ह्यांनी गुरुवारी सुट्टी टाकली, सकाळच्या गाडीने जळगाव, तिथून रिक्षाने कुसुंब्याला आणि पार्किंगचे जास्तीचे दिवस भरून गाडी घरी आणली. त्यांच्या ऑफिसला चिठ्ठी मीच लिहून दिली, आता सवय झाली होती.