मध्यबिंदू बेरजेवरची लाल फुली: माझा अनुभव

शिक्षण सुटून बारा वर्षं झाल्यावर मी दूरशिक्षणातून बी.एस्सी. करते आहे. संकलनाच्या पहिल्या स्वाध्यायात मला एका प्रश्नावर लाल फुली मिळाली. शेजारी कारण लिहिलेलं नव्हतं. अभ्यासकेंद्रात विचारायला गेले तर खिडकीवर उत्तर मिळालं, "पुढच्या संपर्कसत्रात विचारा." ते सत्र तीन आठवड्यांनी होतं. तिथे सरांनी वहीकडे एकदा पाहिलं आणि "उत्तरतालिकेत कमी असं दिलंय" म्हणून वही परत केली. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

प्रश्न साधा होता. y = x² हा वक्र, x शून्यापासून 2 पर्यंत, त्याखालच्या भागाच्या चार सारख्या पट्ट्या, आणि क्षेत्रफळाच्या अंदाजासाठी प्रत्येक पट्टीवर एक आयत. डावी, उजवी आणि मध्यबिंदू बेरीज काढा आणि प्रत्येक बेरीज खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कमी की जास्त ते सांगा.

डाव्या-उजव्याला वेळ लागला नाही. प्रत्येक पट्टी 0.5 रुंद. डाव्या बेरजेत आयताची उंची पट्टीच्या डाव्या कडेवरून घ्यायची, आणि वक्र चढत असल्याने ती त्या पट्टीतली सगळ्यांत कमी उंची. म्हणून प्रत्येक आयत वक्राच्या खालीच राहतो आणि बेरीज 1.75 येते. उजव्या कडेची उंची सगळ्यांत जास्त, तिथे बेरीज 3.75. खरं क्षेत्रफळ 8/3, म्हणजे सुमारे 2.667, या दोघांच्या मधे. वक्र सगळीकडे चढता असला की डावी कमी आणि उजवी जास्त, यात वाकण्याचा काही संबंध नाही.

अडले ते तिसऱ्या बेरजेत. माझं उत्तर होतं 2.75, म्हणून मी "जास्त" लिहिलं. उत्तरतालिका "कमी" म्हणत होती. मी तीन संध्याकाळी तीच बेरीज पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी 2.75 च आलं. शेवटी उत्तरतालिकाच चुकली आहे अशी माझी खात्री झाली होती.

चूक माझ्या पहिल्याच ओळीत होती. मी पट्टीच्या दोन्ही कडांच्या उंचीची सरासरी घेत होते. पहिल्या पट्टीत 0 आणि 0.25, म्हणून 0.125. पण मध्यबिंदू बेरजेत मध्य घ्यायचा असतो तो x चा. पहिल्या पट्टीचा मध्य 0.25 आणि तिथली उंची 0.0625, म्हणजे मी घेतली होती त्याच्या निम्मी. चारही उंची नीट घेतल्या की 0.0625, 0.5625, 1.5625 आणि 3.0625, एकूण 5.25. तिला 0.5 ने गुणलं की 2.625. खऱ्यापेक्षा कमी. मी काढत होते ती डावी आणि उजवी यांची सरासरी होती, म्हणजे समलंब चौकोनांची बेरीज. तुमचं उत्तर डाव्या-उजव्याच्या बरोबर मध्यावर आलं तर आधी हेच तपासा, कारण खऱ्या मध्यबिंदू बेरजेला तिथे यायचं काही कारण नसतं. रेषा सरळ असेल तर मात्र ती तिथेच येते.

आकडा सुटला, पण "कमी का?" हे सुटलं नाही. आमच्या नोट्समध्ये एवढंच होतं की मध्यबिंदू बेरीज डाव्या-उजव्याच्या मधे येते म्हणून ती जास्त अचूक. इथे ती मधे येते हे खरं, पण खऱ्या क्षेत्रफळाच्या कोणत्या बाजूला येते हे त्यातून कळत नाही. मी मनाशी नियम बांधला की चढता वक्र असेल तर मध्यबिंदू कमी. पुढच्या स्वाध्यायात y = √x आला, शून्यापासून 4 पर्यंत, पट्ट्या चार. हाही चढता. मी आकडेमोड न करता "कमी" लिहिलं आणि दुसरी लाल फुली घेतली. नंतर काढून पाहिलं तर मध्यबिंदू बेरीज सुमारे 5.384 आणि खरं क्षेत्रफळ 16/3, म्हणजे सुमारे 5.333. इथे जास्त!

शेजारी निवृत्त शिक्षिका राहतात. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आलेख कागदावर x² चा एकच मोठा पट्टा काढायला लावला, शून्यापासून 2 पर्यंत. मध्य 1, उंची 1, आयताचं क्षेत्रफळ 2.

"आता आयताचं डोकं मध्यबिंदूवर धरून तिरकं कर, वक्राला तिथे नुसतं टेकेल इतकं," त्या म्हणाल्या.

"बाई, मग क्षेत्रफळ बदलेल की."

"कसं बदलेल? डावीकडे जेवढा त्रिकोण खाली गेला तेवढाच उजवीकडे वर आला. आणि आता ती रेषा कोण आहे सांग."

ती स्पर्शिका होती. सगळा उलगडा तिथेच झाला. मध्यबिंदूचा आयत आणि स्पर्शिकेखालचं क्षेत्रफळ सारखंच. इथे स्पर्शिका डाव्या टोकाला अक्षाच्या खाली जाते, तेवढा भाग वजा धरायचा. x² चा चढ पुढे पुढे वाढत जातो, त्यामुळे वक्र स्पर्शिकेच्या वरच राहतो आणि आयत कमी पडतो. √x चा चढ मंदावत जातो, वक्र स्पर्शिकेखाली राहतो, म्हणून आयत जास्त होतो. वक्र चढतोय की उतरतोय याच्याशी मध्यबिंदूला देणंघेणं नाही, तो कोणत्या बाजूला वाकलाय एवढंच बघायचं.

मी ते भाग मोजूनही पाहिले. त्या मोठ्या पट्ट्यात मध्याच्या डावीकडे आयत वक्राच्या वर 2/3 इतका जास्त घेतो, आणि उजवीकडे 4/3 इतका भाग त्याच्याकडून सुटतो. उजवीकडचा तोटा दुप्पट, म्हणून एकूण 2/3 कमी, आणि 8/3 वजा 2 बरोबर तेवढंच. माझ्या मूळ प्रश्नातलं 2.75 खऱ्यापेक्षा जास्त का आलं तेही तेव्हाच कळलं. समलंबाची वरची बाजू वक्राच्या दोन टोकांना जोडते, आणि असा वक्र त्या जोडरेषेच्या खाली राहतो. माझी ती चुकीची बेरीज 0.083 ने जास्त होती आणि बरोबर बेरीज 0.042 ने कमी, म्हणजे चूक जवळजवळ निम्मी आणि उलट्या बाजूची.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. उजवी वजा डावी हा फरक नेहमी पट्टीची रुंदी गुणिले दोन टोकांच्या उंचीतला फरक इतकाच येतो, कारण मधल्या सगळ्या उंची दोन्हीकडे सारख्याच असतात. आमच्या उदाहरणात 0.5 गुणिले 4, म्हणजे 2, आणि 3.75 वजा 1.75 सुद्धा 2. हे जुळलं नाही तर पुढे जाऊच नका, एखादी उंची सुटली आहे किंवा बेरीज चुकली आहे.

आणि वक्र मधेच वाकण्याची बाजू बदलत असेल, आधी चढ मंदावतो आणि मग वाढतो असं असेल, तर डाव्या-उजव्याचा निर्णय तरीही लगेच देता येतो, मध्यबिंदूचा मात्र नुसत्या आकारावरून देता येत नाही. y = x³ हा -1 पासून 1 पर्यंत घेतला तर मध्यबिंदू बेरीज बरोबर शून्य येते आणि खरं उत्तरही शून्यच, कारण दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. अशा वेळी वळणबिंदूपाशी तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो.

दुसरा स्वाध्याय मी स्पर्शिकेच्या आकृतीसकट पुन्हा लिहून त्याच खिडकीवर दिला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "कारण तपासावे."