पौल की याकोब, तुम्ही विचारलंत म्हणून

"पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मग खरं कोण बोलतं, आणि तुम्ही दोन्ही कसं काय मानता?"

चर्चच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे हेच. आणि विचारणाऱ्याला उत्तर दोन मिनिटांत हवं असतं. तर आज नीट लिहितो.

दोघंही नव्या करारातल्या आपापल्या पत्रांत अब्राहामाचंच उदाहरण देतात आणि दोघंही उत्पत्ती 15:6 चंच वचन घेतात, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. फरक कुठे आहे तर ते अब्राहामाला आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर गाठतात त्यात. पौल विचारतो, हे गणलं गेलं तेव्हा त्याची सुंता झाली होती का? नव्हती. इश्माएल झाला तेव्हा तो 86 वर्षांचा, 15 वा अध्याय त्याच्याही आधीचा, आणि सुंता 99 व्या वर्षी. म्हणजे देवाने त्याला जवळ केलं तेव्हा त्याच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. पौलाला हे सांगावं लागलं कारण परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना लोक म्हणत होते, आधी सुंता करा, नियमशास्त्र पाळा, मग आत या.

याकोब मात्र 22 व्या अध्यायात उभा आहे, मोरिया डोंगरावर, जिथे अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून मुलाला, इसहाकाला अर्पण करायला निघाला. इसहाक झाला तेव्हा अब्राहाम 100 वर्षांचा आणि इथे तर पोरगं लाकडं खांद्यावर घेऊन चालतंय, म्हणजे मधे कितीतरी वर्षं गेली. याकोब म्हणतो त्या दिवशी ते जुनं वचन पूर्ण झालं. त्याच्यासमोर माणसंही वेगळी आहेत, उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणून रिकाम्या हाताने पाठवणारी. त्यांचा विश्वास म्हणजे देव एक आहे हे मान्य करणं. तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हे त्यानेच लिहिलंय.

इथपर्यंत मी क्लासमध्ये नेहमी सांगायचो आणि मला वाटायचं झालं, सुटलं. मग काका आजारी पडले.

माझे मोठे काका. दारू, भांडणं, चर्च सोडून किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नसेल. शेवटच्या आजारात पुन्हा प्रार्थना करायला लागले. मे महिन्यातला नागपूर, वॉर्डातला कूलर गरमच हवा फेकत होता, आणि एक प्रचारक भेटायला आले. पलंगाशी बसून याकोब 2 वाचला आणि विचारलं, भाऊ, विश्वास आहे म्हणता, पण क्रिया काय आहेत तुमच्या? काका काहीच बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "मंग माहा विश्वास मेलेलाच हाय का रे?"

मला आजही राग येतो. तो अध्याय हातात भाकर असून दार लावून घेणाऱ्यासाठी आहे, ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो त्याच्यावर तो उगारायचा नसतो. मी पौलाच्या पत्रातलं रोमकर 4:5 वाचलं, जो काही करत नाही पण अभक्ताला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व गणला जातो. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. सकाळी त्यांनी स्वतःचा डबा शेजारच्या पलंगावरच्या माणसाला द्यायला लावला, त्याच्याकडे कोणी येत नव्हतं.

घरचे म्हणतात, बघ, झाली ना क्रिया, याकोबही खूश. मी तसं म्हणणार नाही. ते त्याच रात्री गेले असते तर? वधस्तंभावरच्या चोराला कुठे डबा द्यायला मिळाला? पण उलटंही खरं आहे, काका उठून घरी आले असते आणि पुन्हा काकूवर हात उचलला असता, तर मीच याकोब काढून त्यांच्यासमोर बसलो असतो, आणि रोमकर 4 ची ढाल त्यांना घेऊ दिली नसती.

ल्यूथर सांगून काही जण मला गप्प करतात, की त्याने याकोबाला गवताचं पत्र म्हटलं. म्हटलं होतं, 1522 च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत. पण त्याच पुस्तकात रोमकरांच्या प्रस्तावनेत तोच लिहितो की विश्वास जिवंत असतो, सतत चांगलं करत राहतो. आणि गवताचं ते वाक्य पुढे त्याच्या पूर्ण बायबलमध्ये राहिलं नाही.

तरी याकोब 2:24 मला अजून बोचतं. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो, इतकं सरळ. तिथे तो फक्त लोकांपुढे सिद्ध होण्याबद्दल बोलतो, असं बरेच जण सांगतात, मीही सांगायचो. पण 14 व्या वचनात तो तारणाबद्दलच विचारतोय, असा विश्वास त्याला तारू शकेल का म्हणून, आणि मोरियावर तर बघायला लोकच नव्हते, चाकर खाली गाढवापाशी थांबले होते. त्यामुळे ते उत्तर मी आता देत नाही. दुसरं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही, आणि म्हणून कुठलंही एक पत्र मी बाजूला ठेवायला तयार नाही.