पिसताना उडालेला पत्ता

"ताई, टॅरोचे पत्ते पिसताना एखादा पत्ता मधेच बाहेर पडतो. तो उत्तरात धरायचा, का परत कॅटात टाकायचा?"

दोन्ही करता येतं. पण काय करायचं ते पत्ते हातात घ्यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. कौल लावताना उजवी कळी म्हणजे काय, डावी म्हणजे काय, हे आधीच बोललेलं असतं, तसंच.

अशा पत्त्याला टॅरोवाले जंपर म्हणतात. काही जण प्रत्येक जंपर उत्तराचा पहिला पत्ता म्हणून मांडतात, काही जण एकही धरत नाहीत. मी मधली वाट धरते. एकटा पत्ता सुटला आणि मांडणीच्या कापडावर पडला, तर बाजूला ठेवते आणि बाकीचे पत्ते वाचून झाल्यावर शेवटी उलटते. दोन-तीन एकदम घसरले किंवा जमिनीवर गेले, तर परत कॅटात. घोळका सुटतो तो बहुतेक हातातून निसटलेला असतो. टॅरोचा कॅट ७८ पत्त्यांचा, पत्ते नेहमीच्या खेळापेक्षा मोठे, आणि नवा कॅट तर फारच गुळगुळीत असतो.

लातूरच्या एक वहिनी घरी ब्लाऊज शिवतात. गंजगोलाईजवळ भाड्यानं गाळा घेऊ का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पिसताना तीन पत्ते एकदम खाली फरशीवर पडले. त्यातला एक सुलटा पडला, तो एट ऑफ पेंटॅकल्स. बाकावर बसून हातोडी-छिन्नीनं नाण्यांवर चांदणी कोरणारा कारागीर. वहिनी म्हणाल्या, "हा तर माझाच पत्ता की हो, धरा ना!"

मलाही मोह झाला, आणि म्हणूनच तो परत टाकला. चित्र आवडलं म्हणून पत्ता धरला, तर उद्या टॉवरसारखा नकोसा पत्ता पडल्यावर "चुकून पडला" म्हणायला आपण मोकळे. मग उत्तर पत्त्यांचं राहत नाही, आपल्या मनाचं होतं.

पुन्हा पिसून तीन पत्ते काढले. टू ऑफ पेंटॅकल्स, दोन नाणी झेलत तोल सांभाळणारा माणूस, म्हणजे घर आणि शिलाईची आत्ताची ओढाताण. फोर ऑफ पेंटॅकल्स, नाणं छातीशी घट्ट धरून बसलेला, म्हणजे जवळची पुंजी सोडायची भीती. शेवटी पेज ऑफ पेंटॅकल्स, एकच नाणं हातात धरून न्याहाळणारा पोरगा, म्हणजे लहान सुरुवात. मी सांगितलं, भाड्याचा करार आत्ता नको, आधी एखाद्या साडीच्या दुकानाचं काम घरूनच घेऊन बघा. हुन्नराबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं, प्रश्न पैशाचा होता, आणि तिन्ही पत्ते पैशावरच बोलले.

एकाच प्रश्नाला तोच पत्ता दुसऱ्यांदा एकटा उडाला, तर मी थांबते. आधी त्याचा कोपरा आणि कड बोटानं चाचपते. वाकलेला किंवा चिकट झालेला पत्ता कुणासमोरही उडतो. तो सरळ आणि स्वच्छ निघाला, तर मात्र कापडावर पडलेला नसला तरी बाजूला ठेवते.