रविवारचा पाऊस

सातवीच्या वर्गात पर्जन्यमापक करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, केवढी बाटली आणू?" आणि मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तरही येतं, "मोठी आण रे, जास्त पाऊस मावेल." हा गैरसमज फळ्यावर खोडून काढायचा प्रयत्न मी करत नाही. उद्या दोन्ही आणा, म्हणते.

मग कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणि पाण्याची एक लिटरची, अशा दोघी शेजारीशेजारी मैदानात उभ्या राहतात. चांगली सर येऊन गेली की मुलं पट्टी लावून बघतात. जाड बाटलीत ३० मिलिमीटर आणि बारीक बाटलीतही ३०. वर्गात क्षणभर शांतता, मग कुणीतरी दोन्हींतलं पाणी ओतून मोजतं. मोठीतलं पाणी जवळजवळ दुप्पट भरतं, मग पाऊस सारखाच कसा? कारण तिचं तोंडही तेवढंच मोठं. पाऊस मोजायचा तो उंचीने. मैदानावर पडलेलं पाणी कुठे वाहिलं नाही, मुरलं नाही, वाळलं नाही, तर जमिनीवर जेवढं उंच उभं राहील, तो पाऊस. बातम्यांत पाणी असूनही माप लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे त्या दिवशी न शिकवता कळतं.

बाटली निवडताना बघायचं ते एवढंच की अंग सरळ हवं. हल्ली पाण्याच्या बाटल्यांना कमरेशी खाच असते, अंगभर वळ्या असतात. खाचेत पाणी चढलं की उंची भराभर वाढते आणि पाऊस उगाच जास्त दिसतो. सरळ अंगाची बाटली मिळाली की जिथे खांदा उतरायला लागतो त्याच्या जरा खाली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा आणि कडेने चिकटपट्टी लावायची. नरसाळं हवंच. त्याने आतलं पाणी उन्हात उडत नाही आणि पडलेला थेंब उसळून बाहेर जात नाही.

खरी अडचण बुडाशी. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड सपाट नसतं, त्याला पाच पाय असतात. पहिले काही मिलिमीटर त्या पायांत जातात आणि पट्टीवर वाचताच येत नाहीत. म्हणून तळाशी बारीक खडे घालायचे, ते पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची रेघ मारायची. पोरं खडे घालतात आणि पाणी विसरतात. मग पाऊस खड्यांच्या फटींत शिरतो. फटींत जागा कमी, म्हणून थोडंसं पाणीही भसकन वर चढतं. बरं, रोज पाणी ओतून टाकल्यावर पुन्हा शून्यापर्यंत भरायचं, हेही लक्षात ठेवावं लागतं.

या कटकटीवर आमच्या वर्गातल्या एका मुलीने घरचा उपाय काढला. खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो चिमुकला प्लास्टिकचा कप तिने आणला. त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. मग आम्ही एका बाटलीत खडे घातलेच नाहीत. दोरा गुंडाळून तिचा घेर मोजला, तो भरला २५ सेंटिमीटर. म्हणजे व्यास साधारण ८ आणि तोंडाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. अशा तोंडावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ५ मिलिलिटर पाणी जमतं. आता बुडाला पाय असोत नाहीतर शिंगं असोत! सगळं पाणी कपात ओता, पाचाने भागा, झाला पाऊस.

एका सकाळी तिने १२ मिलिलिटर मोजलं. १२ भागिले ५, म्हणजे २.४. मी सांगितलं की हवामान खात्याच्या हिशोबात दिवसाला २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. वर्ग खवळला. "बाई, आम्ही भिजत आलो की!" अर्ध्या मिलिलिटरने आपला दिवस गेला, हे काही त्यांना पटेना. कपावर पुढची खूण किती लांब आहे, कप सपाटीवर धरला होता का, बाटलीच्या अंगाला चिकटलेले थेंब कपात आले का, यावर जी हुज्जत चालली ती मला धड्यापेक्षा मोलाची वाटली. शेवटी २.४च लिहिलं. आलं ते लिहायचं.

तर बाटलीचं काम दोन तासिकांत उरकतं. पुढे पावसाळाभर पुरतो तो तक्ता.

आमचा तक्ता भिंतीवर आहे, कार्डशीटचा. तारीख, वेळ, मिलिमीटर, कोणी वाचलं, शेरा. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, कारण भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. शाळेजवळ राहणारी पोरं आळीपाळीने येतात. यात गंमत अशी की मंगळवारी दुपारी धो धो कोसळलेला पाऊस बुधवारच्या तारखेला लागतो. मुंबईत २६ जुलै २००५ला प्रलय झाला, तो सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा. मी भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खडूने रेघ मारली. मुलं एकेक करून रेघेला टेकून उभी राहिली, बहुतेकांच्या कमरेच्या वर गेली. त्याच वेळी कुलाब्यात ७४ मिलिमीटरच्या आसपास. तिथल्या रेघेने बुटाचा तळवा जेमतेम बुडाला असता, असं मी म्हणणार तोच एकाने घोटा दाखवला. त्याचं बरोबर होतं.

साडेआठचं एकदा अंगवळणी पडलं, पण रविवारचं काय? रविवारी कोणी येत नाही. सोमवारी बाटलीत ६८ मिलिमीटर निघाले. ज्याची पाळी होती त्याने शांतपणे रविवारी ३४ आणि सोमवारी ३४ असं लिहून टाकलं. भागाकार चोख! मी विचारलं, "रविवारी ३४ पडला हे तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "बाई, रकाना मोकळा दिसत होता."

मोकळ्या रकान्याची ही धास्ती मोठ्या माणसांनाही असते. पण इथे तिने काय घोटाळा होतो ते बघा. आमच्याकडे सगळे शेतकरी. महसूल मंडळातला पाऊस चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे तिथून सुरू होतात, हे या मुलांना घरात ऐकून पाठ आहे. तो हिशोब अर्थातच मंडळातल्या अधिकृत यंत्राचा, आमच्या बाटलीला तिथे कोणी विचारत नाही. तरी समजा, आमचीच बाटली प्रमाण. ३४ आणि ३४ लिहिलं तर अतिवृष्टी झालीच नाही. ६८ नुसतं सोमवारी लिहिलं तर झाली. आणि खरं काय? रविवार ६६ आणि सोमवार २ असेल, किंवा १० आणि ५८ असेल. बाटलीला ते सांगता येत नाही. म्हणून रविवारी आडवी रेघ, सोमवारी ६८ आणि शेऱ्यात 'दोन दिवसांचा एकत्र'. महिन्याची बेरीज याने बिघडत नाही. बिघडते ती पावसाच्या दिवसांची मोजणी आणि महिन्यातला सर्वांत मोठा पाऊस. ते दोन्ही काढताना ही नोंद बाजूला ठेवायची, असं वर्गाने ठरवलं.

त्यातून मग तीन खुणा पक्क्या झाल्या. वाचलं आणि पाणी नव्हतं तर ०. वाचलंच नाही तर आडवी रेघ. बाटली ओली आहे पण मोजण्याइतकं पाणी नाही तर 'अत्यल्प'. शून्य आणि रेघ यांतला फरक कळायला मोठ्या वर्गांतही वेळ लागतो. ही मुलं मात्र आता त्यावरून एकमेकांचे कान धरतात.

मध्यंतरी शाळेच्या आवारातच चार बाटल्या ठेवल्या होत्या. एका सकाळी मैदानातल्या दोघींनी ४१ आणि ३९ दाखवले, गच्चीवरची ३३ आणि व्हरांड्याजवळची ५२. "सरासरी काढू," हे लगेच आलं. मी म्हटलं, आधी व्हरांड्याजवळ जाऊन वर बघा. पन्हाळीची धार वाऱ्याबरोबर तिरकी होऊन थेट नरसाळ्यात येत होती. गच्चीवर उलटं. तिथे वारा जोराचा, बाटलीच्या तोंडावरून थेंब उडवून नेतो, म्हणून माप कमी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी, तीही जमिनीजवळ, विटांच्या आधाराने ताठ उभी. तेव्हा ५२ आणि ३३ खोडले. आकडा वेगळा आला म्हणून खोडला असता तर मी हरकत घेतली असती. इथे कारण डोळ्यांनी दिसलं होतं. ४१ आणि ३९ मात्र दोन्ही ठेवले. एवढा फरक बाटलीच्या पर्जन्यमापकात राहणारच.

आमची शाळा वाईच्या बाजूला. इथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वाईला त्याच्या पाव हिस्साही नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून पुस्तकात जी आकृती आहे, तिच्यातच आम्ही राहतो. म्हणून धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतून येणाऱ्या मुलीला एक बाटली घरी दिली. जुलैत आमच्या रकान्यात ६, ११, अत्यल्प असं चाललेलं असताना तिच्या रकान्यात ७०, ९५ यायला लागले. ढग तोच, वारा तोच. घाटमाथा चढताना हवा निवते आणि पाणी तिकडेच टाकते, खाली आमच्याकडे उतरताना ती तापते आणि ढग विरत जातात. दोन रकाने शेजारी लावले की आकृतीतले बाण फार समजवावे लागत नाहीत.

एका सकाळी तिने आकडाच आणला नाही. "बाई, ओसंडली." शून्याच्या रेघेपासून नरसाळ्याच्या टोकापर्यंत बाटलीत १६० मिलिमीटरच मावतात. तेव्हा '१६० पेक्षा जास्त' असं लिहिलं. पण मग महिन्याची बेरीज कशी करायची? कोणी म्हणालं १६० धरू, कोणी म्हणालं २०० धरू. शेवटी बेरजेपुढेही 'पेक्षा जास्त' लिहायचं ठरलं आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून जोराच्या पावसात तिच्या बाटलीचं वाचन दोनदा करायचं. संध्याकाळी एकदा वाचून ओतायची, सकाळी साडेआठला पुन्हा, आणि दोन्हींची बेरीज सकाळच्या तारखेला. संध्याकाळी ती म्हशींच्या मागे असते. त्यामुळे 'कोणी वाचलं' या रकान्यात आता दोन नावं येतात, तिचं आणि तिच्या आजीचं. आजीला पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत, ती पाण्याच्या पातळीला बाटलीवर काजळाची रेघ ओढून ठेवते आणि मग पाणी ओतते. मिलिमीटर सकाळी नात मोजते.