केसांतला च्युइंगम: आधी बर्फ, मग तेल

गेल्या डिसेंबरात एका रविवारी दुपारी माझी आठ वर्षांची मुलगी च्युइंगम चघळता चघळता दिवाणखान्यातल्या गालिच्यावरच झोपी गेली. उठली तेव्हा तोंडातला गोळा उजव्या कानामागच्या केसांत अडकलेला होता आणि त्याचाच एक तुकडा गालिच्याच्या धाग्यांत दबून बसला होता. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. "आई, कापणार नाहीस ना?" हा तिचा पहिला प्रश्न होता आणि मी नाही म्हणून शब्द देऊन बसले.

घाईघाईत मी गोळ्यावर कोमट पाणी ओतले, आणि तिथेच चुकले. चघळताना च्युइंगममधली साखर आणि स्वाद विरघळून जातो. उरतो तो रबरासारखा चिवट भाग, आणि तो पाण्यात विरघळत नाही. उबेने तो अधिकच मऊ झाला, त्याला तारा सुटल्या आणि आधी मोकळ्या असलेल्या केसांनाही तो लागला. सासूबाईंनी मला थांबवले. "अगं, आधी चांगले केस बाजूला घे," असे म्हणून त्यांनी गुंतलेली बट वेगळी काढली आणि बाकीचे सगळे केस चापाने वर बांधून टाकले.

ओली बट टिपून कोरडी केल्यावर मी बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, कारण ओले केस ताणले की लवकर तुटतात आणि मला पुन्हा पाणी नको होते. कानाला चटका बसू नये म्हणून मध्ये पंचाची घडी धरली आणि पिशवी गोळ्यावर दहा मिनिटे दाबून ठेवली. च्युइंगम पुरेसा गार झाला की नाही हे नखाने कळते: नख रुतले तर तो अजून मऊ आहे, नख घसरले तर तयार आहे. तयार झाल्यावर बोटांच्या चिमटीत दाबताच बाहेरचे कवच कटकन मोडून तुकड्यांनी निघाले. हातांच्या उबेने तो दोन-तीन मिनिटांत पुन्हा मऊ पडे, म्हणून बर्फ तीन वेळा लावावा लागला. निम्म्याहून अधिक गोळा असा गेला. पण आत जिथे केस च्युइंगममधून आरपार गेले होते तिथे मोडायला गेले की केसच तुटू लागले, तेव्हा गारव्याचे काम संपले हे मी ओळखले.

आता तेलाची पाळी होती. थंडीने गोठलेले खोबरेल मी वाटीत घेऊन गरम पाण्यात पातळ करून आणले होते, पण बर्फाने गार पडलेल्या बटेला लावताच ते तुपासारखे पांढरे थिजले आणि आत उतरेचना. गारवा आणि खोबरेल एकाच वेळी चालत नाहीत, हे त्या दिवशी कळले. बट घरातल्या उबेला येईपर्यंत आम्ही पंधरा मिनिटे थांबलो आणि मग थंडीत न गोठणारे शेंगदाण्याचे तेल, साधारण दोन चमचे, बोटांनी चोळून लावले.

त्यानंतर दहा मिनिटे काहीच करायचे नव्हते, आणि मुलीला तेच सर्वांत अवघड गेले. तेल मुरल्यावर च्युइंगमची तार सुटेनाशी होते, तो सैल पिठासारखा बोटाखाली पसरतो आणि केसावरची पकड सोडतो. डाव्या हाताने मुळाकडची बाजू घट्ट धरून, म्हणजे डोक्याला ओढ लागणार नाही अशा बेताने, मी उजव्या हाताच्या चिमटीने चार-पाच केस घेऊन तो टोकाकडे सरकवत गेले. दर वेळी बोटे कागदाला पुसली, नाहीतर निघालेला च्युइंगम पुन्हा वरच्या केसांना लागतो. जाड दातांचा कंगवा शेवटी फिरवला, तोही बटेच्या टोकापासून वर वर येत. या सगळ्याला सव्वा तास लागला. धुताना आधी तेलकट बटेलाच शाम्पू चोळला आणि मग पाणी घातले, त्यामुळे दोन धुण्यांत तेल गेले.

गालिच्यावर मात्र तेल ओतणे परवडणारे नव्हते, कारण राहिलेल्या तेलावर धूळ धरते आणि डाग काळा पडतो. तिथे बर्फाची पिशवी पंधरा मिनिटे ठेवून चमच्याच्या कडेने च्युइंगम मोडला आणि तुकडे वितळायच्या आत उचलून घेतले. धाग्यांवर उरलेल्या पापुद्र्याला कापसाच्या बोळ्याने तेलाचे दोन-तीन थेंबच लावले, तो सैल झाल्यावर भांड्यांच्या साबणाचे पाणी फडक्यावर घेऊन कडेकडून मध्याकडे टिपले आणि नंतर साध्या ओल्या फडक्याने साबणही टिपून काढला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर तिथले धागे किंचित दबलेले होते. ब्रशने उलट्या बाजूने फिरवल्यावर तेही उभे राहिले.