टॉवर फुल, कॉल लागतोय, पण नेट नाही

गेल्या महिन्यात आईचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. नवीन सिम टाकलं, कॉल लागला, मेसेजही आला, टॉवर फुल, पण नेटचा पत्ता नाही. वायफाय बंद केलं की व्हॉट्सअप नुसतं गोल गोल फिरत बसायचं. एअरप्लेन मोड केला, फोन दोनदा बंद-चालू केला, मोबाइल डेटा दुसऱ्या सिमवर तर नाही ना तेही बघितलं, काही फरक नाही.

मग तेच सिम काढून माझ्या फोनमध्ये टाकलं आणि नेट लगेच सुरू झालं. हे आधीच करायला हवं होतं. रिचार्ज संपलेला असता किंवा सिमवर डेटाच चालू झाला नसता तर माझ्याकडेही चाललं नसतं, म्हणजे घोळ आईच्या फोनमध्येच होता.

आईच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, ॲक्सेस पॉइंट नेम्स असं आत गेलो तर तिथे एक नोंद दिसली. म्हटलं सगळं बरोबर आहे की! दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर कळलं की वर सिम १ आणि सिम २ असे दोन टॅब आहेत, मी बघत होतो जुनं सिम आणि नवीन होतं दुसऱ्या खाचेत. त्या टॅबमध्ये यादी रिकामीच. एपीएन म्हणजे फोनने कंपनीच्या कुठल्या दारातून इंटरनेटवर जायचं त्याचं नाव, बहुतेक वेळा फोन सिम ओळखून ते स्वतःच भरतो, पण हा फोन जुना, त्याला जमलं नसावं.

प्लस दाबून नवीन नोंद केली. वरचं नाव काहीही चालतं, खालचं APN मात्र कंपनीचंच हवं, जिओचं jionet, एअरटेलचं airtelgprs.com, तसं ज्याचं त्याचं वेगळं. टाइपच्या जागी default,supl लिहिलं. एमसीसी आणि एमएनसी हे देशाचे आणि कंपनीचे आकडे सिमवरून आपोआप आलेले असतात (भारताचा एमसीसी 404 किंवा 405), त्यात मी उगाच बोट घातलं आणि सेव्ह केल्यावर नोंदच गायब! आकडे सिमशी जुळले नाहीत की यादीत ती दिसतच नाही.

परत सगळं भरलं, तीन टिंबांमधून सेव्ह केलं, तरी नेट नाही. उघडून बघतो तर कीबोर्डने एपीएनच्या शेवटी एक स्पेस टाकून ठेवलेली. ती काढली, सेव्ह केलं आणि नोंदीशेजारचा गोल निवडला, कारण नुसतं सेव्ह करून भागत नाही. डेटा एकदा बंद-चालू केला आणि वर 4G आलं.

रिसेट टू डिफॉल्ट दाबलं तर हाताने भरलेलं पुसलं जातं, म्हणून सगळं एका चिठ्ठीवर लिहून आईच्या फोनच्या कव्हरमध्ये ठेवलंय.